तिकोनी टेबलाच्या पायांवरचा भार: बेरीज जुळूनही उत्तर चुकते

इंदूरच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक तिकोनी टेबल आहे आणि त्यावर पाण्याचा माठ असतो. एक पाय (क) भिंतींच्या कोपऱ्यात, दुसरा (ख) एका भिंतीलगत ६० सेंमीवर आणि तिसरा (ग) दुसऱ्या भिंतीलगत ९० सेंमीवर आहे. भरलेला माठ १२ किलोचा असून त्याचा मध्य कग या भिंतीपासून २० सेंमी आणि कख या भिंतीपासून १५ सेंमी अंतरावर येतो. अकरावीच्या मुलांना हेच गणित मी घालतो, आणि बहुतेकांची चूक ठरलेली असते.

माठ ज्या पायाच्या जवळ, त्यावर जास्त भार, हे बरोबर ओळखून मुले १२ किलो अंतरांच्या व्यस्त प्रमाणात वाटून टाकतात. माठापासून पायांची अंतरे २५, ४२.७ आणि ७७.६ सेंमी असल्यामुळे क, ख आणि ग यांच्या वाट्याला अनुक्रमे ६.२९, ३.६८ आणि २.०३ किलो येतात. बेरीज १२ भरते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण वाटणी कशीही केली तरी बेरीज जुळणारच, तिने काहीच सिद्ध होत नाही. व्यस्त प्रमाणाचा नियम दोन टेकूंवरच्या फळीला लागू पडतो, आणि तिथून तो उचलला जातो.

खरी कसोटी आघूर्णाची, म्हणजे मोमेंटची. कग ही रेषा अक्ष धरली की तिच्यावरचे दोन्ही पाय हिशेबातून गळतात आणि ख × ६० = १२ × २० एवढेच उरते, म्हणून ख वर ४ किलो येतात; वरच्या ३.६८ ने हे समीकरण जुळत नाही. कख हा अक्ष घेतल्यास ग × ९० = १२ × १५, म्हणजे २ किलो, आणि उरलेले ६ किलो क वर. अंतर पायापासून नव्हे, समोरच्या बाजूपासून लंब मोजायचे असते. माठ कख च्या बरोबर मध्यावर ठेवला तर ग वर त्याचा काहीच भार येत नाही, पण चुकीची रीत तिथेही त्याला सुमारे १.६ किलो देते.

टेबलाचे स्वतःचे वजनही विसरले जाते. फळी सगळीकडे सारख्या जाडीची आणि पाय एकसारखे असतील, तर ६ किलोच्या टेबलाचे प्रत्येक पायावर २ किलो येतात आणि अंतिम भार ८, ६ व ४ किलो होतात. न्यूटनमध्ये हवे असल्यास ९.८ ने गुणावे. पडताळ्यासाठी ख पायाखाली वजनकाटा आणि इतर दोघांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या ठेवाव्यात; टेबल तिरके राहिले तर पाण्याने भरलेल्या माठाचा गुरुत्वमध्य सरकतो आणि आकडा बिघडतो.

पाय फळीच्या टोकांपासून आत बसवलेले असतील, तर सगळी मापे फळीच्या कडांऐवजी पायांना जोडणाऱ्या रेषांपासून घ्यावीत. अशा टेबलावर माठ खग रेषेच्या बाहेर गेला की क साठी माठाचा वाटा ऋण येतो. टेबलाच्या वजनाचे २ किलो मिळवूनही तो ऋणच राहिला, तर ते आकडेमोडीतले चिन्ह चुकल्याचे लक्षण नसते: जमीन पायाला खाली ओढून धरत नाही, त्यामुळे क उचलला जातो आणि माठ खाली येतो.