अठ्ठावीसशेचं ब्लँकेट

टेस्टिंगच्या कामाला नव्याने लागलेली मुलं मला विचारतात, की एज केस, म्हणजे सहसा न येणारी पण आली की सॉफ्टवेअर चुकतं अशी परिस्थिती, सुचतात कशा. मला तरी ही केस सुचली नव्हती. ती सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानात, गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून दिसली.

मी किरकोळ दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत टेस्टर आहे. माहेर सोलापूर. गड्ड्याच्या यात्रेला घरी आले होते, आणि वडिलांच्या ओळखीच्या एका काकांच्या दुकानात आमचंच सॉफ्टवेअर आहे असं कळलं. चादरी, टॉवेल, नॅपकिन आणि थंडीत जाड ब्लँकेटं, असा त्यांचा धंदा. मी म्हटलं, "काका, मी नुसती मागे बसते. तुम्ही रोजच्यासारखं काम करा." ते म्हणाले, "बस की. पण गिऱ्हाईक आलं की मला बोलायला सवड मिळायची नाही."

तेच हवं होतं. काय त्रास होतो असं विचारलं की दुकानदार छपाईचा, इंटरनेटचा त्रास सांगतो. ज्या गोष्टीची सवय होऊन गेली ती त्याला त्रास वाटतच नाही, म्हणून सांगितलीही जात नाही. मी वहीत फक्त दोन गोष्टी टिपायच्या ठरवल्या होत्या: काकांनी कोणत्या क्रमाने काय टाइप केलं, आणि कीबोर्डवरून हात कधी उचलला.

यात्रेला आलेलं एक कुटुंब दुकानात शिरलं. बाईंनी एक डबल ब्लँकेट काढलं, दोन चादरी, दोन टॉवेल. काकांनी माल स्कॅन केला. ब्लँकेट ३,३००, चादरी साडेपाचशेच्या दोन, टॉवेल दोनशेचे दोन. सगळे भाव जीएसटी धरून. बेरीज ४,८००. मग पंधरा मिनिटं घासाघीस झाली आणि या सगळ्या वेळात काकांचा हात कीबोर्डवर नव्हता. बाई उठून पायरीपर्यंत गेल्या, परत आल्या. शेवटी काका म्हणाले, "बरं, त्रेचाळीसशे द्या. आता काही बोलू नका."

ठरल्यावर काका स्क्रीनकडे वळले. पाचशे कमी करायचे होते. त्यांनी सूट या रकान्याला हातही लावला नाही. ब्लँकेटच्या ओळीत जाऊन जीएसटी धरूनचा भाव ३,३०० होता तिथे २,८०० टाकला. खाली बेरीज ४,३०० झाली, बिल छापलं, बाई गेल्या.

मी मात्र त्या ओळीकडे बघत राहिले. ब्लँकेट, कराआधीचा भाव २,३७२.८८, जीएसटी १८ टक्के, कर ४२७.१२.

यात खटकण्यासारखं काय, ते कळायला कराचा नियम माहीत हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपडे आणि चादर, टॉवेल, ब्लँकेट अशा मालाला नगामागे विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के जीएसटी, त्यावर गेली तर १८ टक्के. ही किंमत कराआधीची, आणि बिलावर दाखवलेली सूट वजा जाऊन उरलेली. म्हणजे २,३७२.८८ या आकड्याशेजारी १८ टक्के असूच शकत नाही.

आमच्याकडे या सीमेच्या टेस्ट केस होत्या, आणि त्या मीच लिहिल्या होत्या. कराआधीचा भाव २,४९९, २,५०० आणि २,५०१. तिन्ही पास. जीएसटी धरूनच्या भावाच्याही दोन होत्या, ५२५ आणि ३,५४०, कारण त्यांतून उलटा हिशेब केला की ५०० आणि ३,००० असे स्वच्छ आकडे निघतात. मी सोयीचे आकडे निवडले होते. सीमा तपासली होती ती आमच्या हिशेबाच्या दिशेने, म्हणजे आधी भाव, मग सूट, मग कर आणि शेवटी बेरीज. काका बेरजेपासून निघतात आणि मागे येतात. गिऱ्हाइकाशी ठरते ती बेरीजच.

पुण्याला गेल्यावर बग टाकला. पायऱ्या तीनच लिहिल्या: ३,३०० चं ब्लँकेट निवडा, भाव २,८०० करा, कराचा दर बघा. डेव्हलपर म्हणाला, "माल निवडताना मूळ भावावरून दर ठरतो आणि नंतर तो परत तपासला जात नाही. अर्ध्या तासाचं काम आहे." त्याचं निदान बरोबर होतं. त्याने भाव बदलल्यावर दर पुन्हा काढायची सोय केली. मी तेच ब्लँकेट घेतलं, २,८०० टाकले. आता दर ५ टक्के आला आणि कराआधीचा भाव २,६६६.६७.

पुन्हा चूक, पण उलट्या बाजूची. २,६६६.६७ हे २,५०० च्या वर, म्हणजे १८ टक्के हवेत. त्याने दर स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासायला लावलं, तर स्क्रीनच अडकली. तेव्हा आम्ही संगणक सोडला आणि कागद घेतला.

```
2800 / 1.18 = 2372.88
2800 / 1.05 = 2666.67
```

१८ टक्के धरले तर भाव २,५०० च्या आत येतो, म्हणजे ५ लागतात. ५ धरले तर भाव २,५०० च्या वर जातो, म्हणजे १८ लागतात. या कोड्याला उत्तर नाही, आणि तेच त्याचं उत्तर आहे. ५ टक्क्यांत सगळ्यात मोठी करासकट किंमत होते २,५०० चे २,६२५. १८ टक्के सुरू होतात ते २,५०० च्या वर, म्हणजे करासकट २,९५० च्याही वर. मधल्या पट्ट्यातली कोणतीही किंमत कायद्याने तयारच होत नाही. कितीही हुशार कोड लिहिला तरी २,८०० चं बरोबर बिल निघणार नाही.

हा पट्टा नवा नव्हता. आधी सीमा १,००० ची होती आणि दर ५ व १२, तेव्हा तो १,०५० ते १,१२० असा सत्तर रुपयांचा होता. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तेव्हाही हीच चूक असणार. दर बदलल्यावर तो सव्वातीनशेचा झाला आणि घासाघिशीत सहज सापडायला लागला. नियमातला आकडा बदलला की आपण टेस्ट केसमध्ये १,००० च्या जागी २,५०० लिहून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं.

आता प्रश्न उरला की दुकानदाराने अशी किंमत टाकली तर सॉफ्टवेअरने काय करावं. हे टेस्टरने किंवा डेव्हलपरने परस्पर ठरवायचं नसतं. मी काकांना फोन लावला आणि त्यांच्याच बिलाचा हिशेब सांगितला. २,८०० घेतले तेव्हा कर जाऊन त्यांच्या हातात २,३७२.८८ राहिले. त्याऐवजी ब्लँकेट २,६२५ ला दिलं असतं तर कर १२५ गेला असता आणि हातात पूर्ण २,५०० राहिले असते. बाईंचे १७५ वाचले असते आणि काकांना १२७.१२ जास्त मिळाले असते.

काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी दोघांचंबी नुकसान केलं की." आणि लगेच कामाचं बोलले: "हे मला भाव ठरायच्या आधी दिसाया पायजे बघ. ठरल्यावर सांगून काय उपयोग? त्रेचाळीसशे म्हटल्यावर मी माघारी कसा फिरू?"

त्यामुळे दुरुस्ती दोन जागी झाली. त्या पट्ट्यातला भाव टाकला की बिल अडतं आणि २,६२५ पर्यंत किंवा २,९५० च्या वर, असे दोनच रस्ते दाखवतं. शिवाय ज्या मालाचा भाव २,९५० च्या वर आहे त्याच्या ओळीत, स्कॅन करतानाच, छोट्या अक्षरांत '२,६२५' येतं. काकांना आता तोंडाने आकडा बोलायच्या आधी ते बघता येतं.

टेस्ट केसही नव्याने लिहिल्या, या वेळी करासकट किमतीच्या: २,६२५ चालायला हवी, २,६२६ अडायला हवी, २,८०० अडायला हवी, २,९५१ चालायला हवी. २,९५० वर मात्र मी स्वतः आधी चुकले. १.१८ ने भागल्यावर बरोबर २,५०० येतात म्हणून मी ती चालणाऱ्यांत टाकली होती. पण २,५०० ला ५ टक्के लागतात, म्हणजे २,९५० सुद्धा अडायलाच हवी.

आधीच्या बिलांचंही बघावं लागलं. काकांच्या परवानगीने त्यांच्या डेटाच्या प्रतीवर ही एक क्वेरी चालवली.

```sql
SELECT bill_no, rate FROM bill_items
WHERE slab_item = 1 AND gst = 18 AND rate <= 2500;
```

अकरा बिलं निघाली. यादी काकांच्या सीएंकडे दिली. त्या बिलांचं काय करायचं ते सीएंचं काम. पण बग बंद करताना अशी यादी काढून द्यायची, हे तेव्हापासून माझ्या कामात बसलं. कोड दुरुस्त झाला तरी चुकीची बिलं लोकांच्या खिशात असतात.

आणि त्या अकरांतलं एक परत आलं. नवी आवृत्ती बसून आठवडा झाला असेल, काकांचा फोन आला. यात्रेतल्या त्या बाई बाजाराला सोलापुरात आल्या होत्या, ब्लँकेटची शिवण एका कडेला उसवली होती, बदलून हवं होतं. काकांनी जुन्या बिलाचा नंबर टाकून माल परत घ्यायला घेतला, तर सॉफ्टवेअर म्हणालं, २,८०० या किमतीला दर बसत नाही.

"बिल तुमचंच, आणि तुम्हीच घेईना," काका म्हणाले. बाई समोर उभ्या होत्या.

आम्ही नवी तपासणी सगळ्या ओळींना लावली होती, परताव्यालाही. परताव्यात कर नव्याने काढायचाच नसतो. मूळ बिलावर जो भाव आणि जो दर होता तोच उलटा फिरवायचा असतो, तो चुकीचा असला तरी. मी काकांना म्हटलं, आज ब्लँकेट हातात बदलून द्या, परतावा दुरुस्ती आल्यावर नोंदवू. मग वहीत लिहिलं: जुनं बिल, नवा नियम, परत आलेला माल.