शेअरची संख्या वाढवूनही जोखीम का अडून बसते? पोर्टफोलिओच्या हिशेबात या चुका टाळा

पोर्टफोलिओत एकाऐवजी पाच शेअर घेतले की चढउतार चांगलेच कमी होतात. पाचाचे पन्नास केले तर मात्र फरक जेमतेम जाणवतो. तेव्हा काहींना आपली निवड चुकल्यासारखं वाटतं. काही जण उलट टोक गाठतात आणि आकडेमोडीत अशी चूक करतात की जोखीम जवळजवळ नाहीशी झालेली दिसते. दोन्हीचं उत्तर एकाच उदाहरणात मिळतं.

समजा, प्रत्येक शेअरच्या वार्षिक परताव्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आपण ज्याने जोखीम मोजतो तो आकडा, ३० टक्के आहे. त्याचा वर्ग ९००, हा झाला व्हेरियन्स. कोणत्याही दोन शेअरमधलं कोरिलेशन ०.३ धरू, म्हणजे त्यांचा कोव्हेरियन्स ०.३ × ३० × ३० = २७०. पैसे सगळ्यांत सारखे वाटलेत. n शेअरच्या पोर्टफोलिओचा व्हेरियन्स असा निघतो:

```
V = 900/n + (1 - 1/n) × 270
  = 270 + 630/n
```

| शेअर | व्हेरियन्स | स्टँडर्ड डेव्हिएशन |
|---|---|---|
| १ | ९०० | ३०.० टक्के |
| २ | ५८५ | २४.२ टक्के |
| ५ | ३९६ | १९.९ टक्के |
| २० | ३०१.५ | १७.४ टक्के |
| १०० | २७६.३ | १६.६ टक्के |

६३० हा भाग n ने भागला जातो, म्हणून तो विरघळत जातो. एखाद्या कंपनीतला संप, फसलेलं उत्पादन, व्यवस्थापनातली भांडणं हे सगळं त्यात येतं. २७० ला कोणी भागतच नाही. व्याजदर, मंदी, महागाई असे धक्के सगळ्या शेअरना एकदमच बसतात. एकाचं नुकसान दुसऱ्याने भरून काढावं, तर दुसराही त्याच वेळी पडलेला असतो. म्हणून हजार शेअर घेतले तरी स्टँडर्ड डेव्हिएशन १६.४ टक्क्यांच्या खाली जात नाही. हीच सिस्टिमॅटिक रिस्क.

चूक १: कोव्हेरियन्स हिशेबातून गाळणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. २० शेअरचा तक्ता मांडला तर २० × २० = ४०० चौकोन होतात. कर्णावरच्या २० चौकोनांत प्रत्येक शेअरचा स्वतःचा व्हेरियन्स असतो आणि उरलेल्या ३८० चौकोनांत जोड्यांचे कोव्हेरियन्स. प्रत्येक शेअरचं वजन १/२०, म्हणून प्रत्येक चौकोनाला १/४०० ने गुणायचं. कर्णाचा वाटा येतो २० × ९०० / ४०० = ४५, आणि बाकीच्यांचा ३८० × २७० / ४०० = २५६.५. बेरीज ३०१.५. फक्त कर्ण मोजणाऱ्याला ४५ मिळतात, म्हणजे जोखीम ६.७ टक्के. खरी जोखीम १७.४ टक्के असते.

ही चूक पकडायला सोपी आहे. पोर्टफोलिओत फक्त शेअर असतील आणि त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन व्यापक निर्देशांकाच्या निम्म्याहूनही कमी येत असेल, तर आनंद मानण्याआधी सूत्र पुन्हा तपासा. स्प्रेडशीटमध्ये वजनांचा उभा स्तंभ `w` आणि कोव्हेरियन्सचा पूर्ण तक्ता `S` या नावांनी ठेवला, तर एकच ओळ पुरते:

```
=MMULT(MMULT(TRANSPOSE(w),S),w)
```

`S` मध्ये कोरिलेशनचा तक्ता टाकलात तर उत्तर १ च्या आसपास किंवा त्याहून कमी येईल आणि घोटाळा लगेच कळेल. मासिक आकड्यांवरून काढलेला व्हेरियन्स वार्षिक करताना १२ ने गुणा, स्टँडर्ड डेव्हिएशन असेल तर १२ च्या वर्गमुळाने. या दोघांची अदलाबदल मात्र सहज नजरेतून सुटते, कारण चुकीचं उत्तरही पटण्यासारखं दिसतं.

चूक २: नावं मोजणं

वीस वेगवेगळी नावं आहेत, पण सगळी एकाच क्षेत्रातली. त्यांच्यातलं कोरिलेशन ०.७ असेल तर कोव्हेरियन्स ६३० होतो आणि सूत्र बनतं ६३० + २७०/n. वीस शेअरवर व्हेरियन्स ६४३.५, म्हणजे २५.४ टक्के जोखीम. वरच्या तक्त्यातले नुसते दोन शेअर २४.२ टक्क्यांवर होते! तळ ठरतो सरासरी कोव्हेरियन्सवरून. शेअरची संख्या फक्त त्या तळाच्या किती जवळ पोहोचलो ते ठरवते.

वजनांचंही असंच. एका शेअरमध्ये ४० टक्के पैसे आणि उरलेले ६० टक्के १९ शेअरमध्ये सारखे वाटले, तर वजनांच्या वर्गांची बेरीज ०.१७९ येते. १ ला तिने भागलं की ५.६ मिळतात. म्हणजे कागदावर वीस असले, तरी विविधीकरणाचा फायदा साडेपाच शेअरइतकाच. पहिल्या उदाहरणातले आकडे घातले तर जोखीम १९.६ टक्के. खरेदीच्या वेळी समान असलेली वजनं भाव वाढत गेल्यावर अशीच बिघडतात, त्यामुळे हा भागाकार अधूनमधून पुन्हा करावा लागतो.

चूक ३: शून्य जोखमीचं उत्तर खरं मानणं

१०० शेअर आणि ५ वर्षांचे ६० मासिक परतावे घेऊन तक्ता बनवला, आणि शॉर्ट पोझिशनला मुभा दिली, तर सॉफ्टवेअर अशी वजनं शोधून देतं की व्हेरियन्स बरोबर शून्य. हा शोध वगैरे काही नाही. निरीक्षणं शेअरपेक्षा कमी असली की असा पोर्टफोलिओ नेहमीच निघतो आणि पुढच्याच महिन्यात तो उघडा पडतो.

इथे १०० शेअरसाठी ४,९५० कोव्हेरियन्स अंदाजावे लागतात, ६० निरीक्षणांचा जीव तेवढा नसतो. विल्यम शार्प यांनी १९६३ मध्ये मांडलेली एका निर्देशांकाची पद्धत हे ओझं हलकं करते: प्रत्येक शेअरचा बीटा, म्हणजे बाजार एक टक्का हलला की तो शेअर सरासरी किती टक्के हलतो ते काढायचं, आणि दोन शेअरचा कोव्हेरियन्स म्हणजे दोघांचे बीटा गुणिले बाजाराचा व्हेरियन्स. आपल्या उदाहरणात सगळ्यांचा बीटा १, बाजाराचा व्हेरियन्स २७० आणि कंपनीचा स्वतःचा भाग ६३०, असं ते नेमकं जुळतं. क्वचित व्यवहार होणारे शेअर असतील तर दैनिक भाव वापरू नका. त्यांचे भाव मागे रेंगाळतात, कोव्हेरियन्स खोटा कमी दिसतो. साप्ताहिक किंवा मासिक परतावे घ्या.

चूक ४: तळ कायमचा समजणं

२७० हा काही निसर्गनियम नाही. २००८ च्या संकटात जगभरचे शेअरबाजार एकदमच कोसळले. अशा काळात शेअरची स्वतःची अस्थिरता वाढते आणि कोरिलेशनही वाढतं. समजा ३० टक्क्यांचे ४५ झाले आणि ०.३ चे ०.६. व्हेरियन्स २,०२५, कोव्हेरियन्स १,२१५. त्याच वीस शेअरची जोखीम १७.४ वरून ३५.४ टक्क्यांवर जाते, आणि तेव्हा आणखी ऐंशी शेअर घातले तरी ती ३५ च्या आतबाहेरच राहते.

हा तळच खाली आणायचा असेल तर शेअरची यादी वाढवून उपयोग नाही. पोर्टफोलिओचा सरासरी बीटा ०.७ केला तर बाजाराचा भाग ०.४९ × २७० = १३२ होतो, म्हणजे साधारण ११.५ टक्के. निम्मे पैसे रोख ठेवले तर १६.४ चे ८.२ होतात. इंडेक्स फ्युचर विकूनही तेच साधतं, खर्च धरून. मात्र या तिन्हींत अपेक्षित परतावाही खाली येतो, कारण बाजार मोबदला देतो तो याच न विरघळणाऱ्या भागाचा. विरघळणारा ६३० चा भाग तसाच अंगावर ठेवणाऱ्याला त्याबद्दल वेगळं काही मिळेल अशी अपेक्षा धरता येत नाही.