मचूळ पाण्यासाठी सौर ऊर्ध्वपातन: तीन आकारांचे ट्रे तोलून पाहण्याची तयारी

सिन्नर-येवल्याकडच्या मचूळ विहिरीचे पाणी उन्हावर पिण्याजोगे करायचे, तर पेटी कशी बांधायची हे पुष्कळांना ठाऊक असते. काळा ट्रे, वर तिरपी काच, काचेखाली पन्हळ, एवढाच तो कारभार. गाडी अडते ती ‘कोणता आकार जास्त पाणी देतो’ या प्रश्नावर. बहुतेक तुलनांमध्ये आकाराबरोबर पाण्याची खोलीही बदललेली असते आणि श्रेय मात्र आकाराला मिळते. तो घोळ टाळण्यासाठी काय काय तयार ठेवावे लागते, ते पुढे क्रमाने येते.

पहिले काम म्हणजे ट्रे ठरवणे. तिन्ही ट्रेंचे क्षेत्रफळ सारखे ठेवा, अर्धा चौरस मीटर. पहिला लांबट: पूर्व-पश्चिम १ मीटर आणि दक्षिणोत्तर ५० सेंमी. दुसरा चौरस, प्रत्येक बाजू ७१ सेंमी. तिसरा पायऱ्यांचा: १० सेंमी रुंद आणि १ मीटर लांब अशा पाच पायऱ्या, प्रत्येकीच्या पुढच्या काठाला सव्वा सेंमीची उभी पट्टी. तिघांनाही काच १५ अंशांच्या उतारावर, दक्षिणेकडे तोंड करून. या उतारावर १० सेंमी पुढे गेले की उंची २.७ सेंमी वाढते, म्हणून पायरीची चढणही २.७ सेंमीच ठेवा. मग काच आणि पाणी यांतले अंतर वरपासून खालपर्यंत सारखे राहते. पायऱ्यांच्या ट्रेची सगळी मेख त्यातच आहे. दोन्ही बाजूंना उतार असलेली पेटी या तुलनेत घेऊ नका. तिची काच वेगळ्या दिशांना पाहते, त्यामुळे फरक ट्रेचा की दिशेचा हे सांगता येत नाही.

लांबट आणि चौरस यांत फरक पडतो तो मागच्या भिंतीमुळे. पुढची भिंत १० सेंमी धरली तर लांबट पेटीची मागची भिंत साडेतेवीस सेंमी होते, चौरसाची २९. भिंत उंच म्हणजे आत हवेची पोकळी मोठी, बाजूच्या भिंतींची सावली लांब आणि उष्णता बाहेर जायला जागा जास्त. शिवाय चौरस पेटीत काचेवरच्या थेंबाला पन्हळीपर्यंत ७३ सेंमी उतरावे लागते, लांबट पेटीत ५२. वाट लांबली की थेंब मध्येच सुटून परत ट्रेत पडायची शक्यता वाढते.

पत्र्याचे काम सातपूर-अंबडकडच्या कोणत्याही फॅब्रिकेटरकडून होईल. १ मिमी जाडीचा जीआय पत्रा चालतो, पण शिशाचे डाग देऊन जोड बंद करू देऊ नका. पाणी पिण्याचे आहे. आतून मॅट काळा रंग द्या आणि काच न बसवता पेटी चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा. रंगातले बाष्पशील द्रव्य उडून गेले नाही, तर ते वाफेबरोबर काचेवर येते आणि पाण्याला वास लागतो. ट्रेखाली ५० मिमी थर्माकोल, पण त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये प्लायवूड हवे. एखाद्या दिवशी ट्रे कोरडा पडला तर पत्रा इतका तापतो की थर्माकोल मऊ होऊन बसतो.

काच ४ मिमीची, साधी, पारदर्शक. बसवण्यापूर्वी आतली बाजू साबणाने आणि मग स्पिरिटने पुसा, आणि वर पाणी ओतून पाहा. पाणी पातळ पडद्यासारखे पसरले तर काच तयार. थेंब-थेंब उभे राहिले तर तेलकटपणा आहे. असे थेंब ऊनही परतवतात आणि मधेच गळतातही. सीलसाठी न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन जीआय पत्र्याला गंज चढवते. पन्हळीच्या बरोबर वर, काचेच्या आतल्या बाजूला सिलिकॉनची एक बारीक सरळ रेघ ओढा. उतरणारे पाणी त्या रेघेला अडून पन्हळीत पडते. रेघ नसेल तर ते काचेला चिकटून पुढच्या जोडात शिरते आणि तुम्ही ‘आज कमी पाणी आले’ म्हणत बसता. पन्हळ स्टेनलेस स्टीलची असावी, तोंडाकडे मीटरमागे १ सेंमी उतार द्यावा. पहिल्या चार दिवसांचे पाणी पिऊ नका आणि मोजणीतही धरू नका.

आता गच्ची. तिन्ही पेट्या पूर्व-पश्चिम ओळीत, मध्ये दीड-दोन मीटर जागा सोडून ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी एकीची सावली दुसरीवर पडणार नाही. उत्तर-दक्षिण रेषा ओळंब्याच्या सावलीवरून काढा. नाशिकचा सूर्य घड्याळातल्या बाराला माथ्यावर नसतो. एप्रिलच्या मध्यात तो साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी मध्यान्ही येतो आणि त्या क्षणाची सावली नेमकी दक्षिणोत्तर असते. ट्रे पाणसळीने तपासा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २ मिमीपेक्षा जास्त फरक नको. मोजणीत पाणी जेमतेम सेंटीमीटरभर असते आणि दिवसभरात ते आणखी उतरते. ट्रे कललेला असेल तर उंच टोक दुपारीच उघडे पडते, तिथे क्षाराची पांढरी साय धरते आणि काळा पत्रा काळा राहत नाही.

पाण्याचे माप हा या यादीतला सर्वांत महत्त्वाचा भाग. तिघांतही ५ लिटर घाला, म्हणजे सगळीकडे खोली १ सेंमी. पायऱ्यांमध्ये प्रत्येकीत १ लिटर मोजून ओता. वरून सोडून खाली भरू द्यायचे नाही. चौरस आणि लांबट ट्रेत सवयीने १० लिटर घातले आणि पायऱ्यांत ५, तर पायऱ्या दुपारपर्यंत खूपच पुढे दिसतील. त्यांतले कमी पाणी लवकर तापले, एवढाच त्याचा अर्थ. जास्त पाणी उशिरा तापते पण रात्री उष्णता सोडत राहते, म्हणून संध्याकाळी सहाला मोजणी बंद करणाराही फसतो. दिवस सकाळी ७ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ७ असाच धरा.

मोजायला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा १० किलोचा डिजिटल काटा, पन्हळीच्या नळीला घट्ट बसणाऱ्या अरुंद तोंडाच्या तीन बाटल्या आणि त्यांवर सावलीसाठी एखादे खोके लागेल. उन्हात उघडे भांडे ठेवले तर जमवलेलेच पाणी उडून जाते. १ ग्रॅम म्हणजे १ मिली, म्हणून मापनपात्रापेक्षा वजनच घ्या. आणि फक्त बाटली तोलून थांबू नका. ट्रेत घातलेले पाणी आणि सकाळी ट्रेतून काढलेले पाणी, दोन्ही तोला. ट्रेला तळाशी तोटी ठेवा, शेवटचे पाणी स्पंजने टिपून बादलीत पिळा.

हे दुहेरी वजन का, ते एका उदाहरणाने पाहू. समजा तिन्ही पेट्यांत ५,००० ग्रॅम पाणी घातले. लांबट पेटीत सकाळी ३,३१० उरले, म्हणजे १,६९० गेले. बाटलीत मात्र १,४२० आले. २७० ग्रॅमचा पत्ता नाही. काच आणि भिंतींवर ओल म्हणून काही ग्रॅम राहतात, पण एवढे नाही. वाफ जोडातून सुटते आहे किंवा पन्हळीतून पाणी बाहेर झिरपते आहे. चौरसातून १,४५० गेले आणि बाटलीत १,४०० आले. हिशेब जुळतो, पण मुळात वाफच कमी झाली किंवा थेंब परत ट्रेत पडले. पायऱ्यांतून १,९०० गेले, १,७८० आले. नुसत्या बाटल्या पाहिल्या असत्या तर लांबट आणि चौरस जवळजवळ सारखेच म्हणून आपण मोकळे झालो असतो. खरे तर लांबट पेटी गळकी आहे. अशा वेळी हरवलेले २७० बाटलीच्या आकड्यात मिळवू नका. वाफ आत राहिली असती तर पेटीतले तापमान आणि वाफ होण्याचा वेगही बदलला असता. जोडांवर टिश्यूच्या पट्ट्या चिकटवा, दुपारी जी ओली होईल तिथे नवे सील द्या आणि तो दिवस रद्द धरा.

आकडे नोंदताना प्रति चौरस मीटर करून लिहा. ट्रे अर्ध्या चौरस मीटरचा म्हणून दुप्पट. पायऱ्यांचे १,७८० म्हणजे ३.५६ लिटर. ही रक्कम पटते का, याचाही अंदाज हवा. एप्रिलमध्ये चौरस मीटरवर दिवसाला साडेसहा युनिट ऊन धरले, तर अर्ध्या चौरस मीटरच्या एका ट्रेवर पडलेली सगळी उष्णता वाफेतच गेली तरी ५ लिटरच्या आसपास पाणी निघेल. साध्या पेटीत त्यातले तीस-चाळीस टक्के हाती लागते, म्हणजे दीड ते दोन लिटर. अशा एका ट्रेतून कोणी अडीच लिटरच्या पुढचा आकडा सांगितला तर आधी पन्हळीत ट्रेतले पाणी तर जात नाही ना, हे पाहा.

ते पाहायला टीडीएस मीटर पुरतो. विहिरीचे पाणी २,००० असेल आणि बाटलीतले ५ ते १५ दाखवत असेल तर काळजी नाही. तेच ६० दाखवू लागले तर बाटलीत सुमारे पावणेतीन टक्के, म्हणजे १,४०० मिलीमागे ३८-४० मिली, विहिरीचेच पाणी आले आहे. ओतताना उडालेले शिंतोडे हे नेहमीचे कारण. पायऱ्यांच्या पेटीत सगळ्यात खालची पायरी पन्हळीला खेटून असते, तिथे हमखास होते. ओतण्यासाठी नळी लावा, तिचे टोक पाण्यालगत ठेवा.

दर तीन दिवसांनी पेट्यांच्या जागा बदला. नऊ दिवसांत प्रत्येक पेटी प्रत्येक जागी बसते आणि पाण्याच्या टाकीची सावली किंवा वाऱ्याचा फटका एकीच्याच वाट्याला येत नाही. ऊन मोजण्याचे उपकरण नसले तरी चालते, कारण तिघींवर एकच ऊन पडत असते. मात्र रोज सकाळी तिन्ही काचा एकाच वेळी पुसा. हीच नऊ दिवसांची फेरी डिसेंबरात पुन्हा करा. तेव्हा मध्यान्हीचा सूर्य नाशिकहून क्षितिजापासून साडेसेहेचाळीस अंशांवरच असतो आणि सावल्यांचा हिशेब बदलतो.

पिण्यापूर्वी दोन गोष्टी. क्षार आणि नायट्रेट ट्रेतच राहतात, पण वाफेबरोबर उडणारी द्रव्ये काचेवर येतात. द्राक्षबागेला लागून असलेल्या विहिरीच्या पाण्याला औषधाचा वास असेल तर ही पेटी त्याचा उपाय नाही. दुसरा स्रोत शोधा. वास नसेल आणि प्रयोगशाळेचा अहवाल ठीक असेल, तर चवीसाठी ९ भाग उतरलेल्या पाण्यात १ भाग उकळून गाळलेले विहिरीचे पाणी मिसळा. २,००० टीडीएसचे पाणी असे मिसळल्यावर २०० च्या थोडे वर येते. भारतीय मानकाची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि तेही दहाव्या हिश्श्यावर येते, म्हणून अहवालातला नायट्रेटचा आकडा दहाने भागून मगच मिश्रण ठरवा.