दोन हातांच्या दोन लयी: ‘दोनावर तीन’ बसवताना या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या तबल्याच्या क्लासला दर वर्षी दोन-तीन मुलं तरी एकच प्रश्न घेऊन येतात. ठेका चांगला हातात असतो, दुगुन-चौगुनही जमते. पण डाव्या हातानं दोन आघात आणि त्याच वेळात उजव्यानं तीन, असं सांगितलं की दोन्ही हात लटपटतात. तासगावहून येणारा एक मुलगा परवा वैतागून म्हणाला, “सर, वेगवेगळे वाजवले की दोन्ही हात बरोबर चालतात. एकत्र आले की उजवा डाव्याच्या मागं जातो.” त्यानं दुखणं अगदी नेमकं सांगितलं होतं, फक्त त्यावरचा उपाय चुकीचा करत होता: रोज घरी एकेका हाताचा रियाज.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ठेका वाजवताना दोन हात वेगवेगळं काम करतात खरं, पण दोघं एकाच लयीवर चालतात. बायाँचा प्रत्येक आघात कुठल्या ना कुठल्या मात्रेवर किंवा तिच्या सरळ अर्ध्या-पाव भागावर पडतो. म्हणून वर्षानुवर्षं तबला वाजवणाराही दोनावर तीन म्हटलं की अडखळतो. त्यात हाताच्या तयारीचा संबंध फार थोडा.

मग संबंध कशाचा? बसल्या जागी करून बघा. दोन्ही तर्जन्या टेबलावर समोर धरा आणि दोन्ही एकाच वेळी डावीकडे, मग एकाच वेळी उजवीकडे अशा हलवा, गाडीच्या काचेवरच्या वायपरसारख्या. आता वेग वाढवत न्या. एका वेगाला बोटं तुम्हाला न विचारता चाल बदलतात आणि आरशातल्यासारखी हलू लागतात: दोन्ही आत, दोन्ही बाहेर. अमेरिकेतल्या स्कॉट केल्सो यांनी १९८०च्या दशकात हा प्रयोग नीट मोजून मांडला. गंमत अशी की उलटं होत नाही. आरशातल्या चालीनं सुरुवात केली तर कितीही वेग वाढवा, बोटं वायपरच्या चालीत घसरत नाहीत. म्हणजे दोन हातांच्या काही जोड्या मेंदूला स्वस्त पडतात आणि काही महाग, आणि वेग वाढला की मेंदू स्वस्त जोडीकडे पळतो. एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखं समजा. एकानं पाऊल बदललं की दुसऱ्याला ओढ बसतेच.

ही ओढ नेमकी कुठून येते, याचा एक धागा अपस्माराच्या रुग्णांकडून मिळाला. झटके आटोक्यात आणण्यासाठी ज्यांच्या मेंदूच्या दोन भागांना जोडणारी मज्जातंतूंची जाड पट्टी शस्त्रक्रियेनं कापली होती, अशा काही जणांना दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळ्या आकृत्या काढायला सांगितल्या. आपल्याला जिथं गोंधळ होतो तिथं त्यांना फारसा झाला नाही, आकृत्या एकमेकींत मिसळल्या नाहीत. पण हात सुरू होण्याची वेळ मात्र दोघांची जुळलेलीच राहिली. म्हणजे आकाराची भानगड त्या पट्टीतून जाते, पण आघाताच्या वेळेची गाठ आणखी खोल बांधलेली आहे. इतकी खोल गाठ एकेका हाताचा रियाज करून सुटणार नाही, कारण एकट्या हाताच्या रियाजात ती गाठ उपस्थितच नसते.

म्हणून पहिली चूक तीच, तासगावच्या मुलाची. एकेक हात पक्का करायचा आणि मग जोडायचा. एकेका हाताला एकसारखे आघात मारता येतात की नाही एवढं मिनिटभर तपासावं आणि पुढं जावं. शिकायची गोष्ट आहे दोघांमधलं नातं, आणि ते दोघं एकत्र असतानाच शिकता येतं.

दुसरी चूक याहून खोडसाळ, कारण ती मेहनती मुलं करतात. ती दोन्ही हातांवर स्वतंत्र लक्ष ठेवायला बघतात. एक लक्ष इकडं, एक तिकडं. अशी दोन घड्याळं डोक्यात चालत नाहीत, निदान शिकताना तरी नाही. चालतं ते असं: दोन्ही हातांचे आघात मिळून जो एकच बोल तयार होतो, तो पाठ करायचा आणि हात त्या बोलावर सोडून द्यायचे.

आपल्याला त्यासाठी दादरा आयता मिळाला आहे. सहा मात्रा धरा. दोनानंही सहाला भाग जातो, तिनानंही जातो, म्हणून दोन्ही लयी सहात अचूक बसतात.

मात्रा: १ २ ३ ४ ५ ६
उजवा: ● – ● – ● –
डावा: ● – – ● – –

डावा पडतो पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, म्हणजे दादऱ्याची सम आणि काल. उजवा पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्यावर. आता हातांची नावं विसरा आणि फक्त आवाज कुठं येतो ते बघा: एक, तीन, चार, पाच. एकाला दोन्ही हात, तीनला उजवा, चारला डावा, पाचला उजवा. आघातांमधली अंतरं दोन, एक, एक, दोन. लांब, आखूड, आखूड, लांब.

याला मी मुलांना ‘मा-रु-ति-ला’ म्हणायला लावतो. मा लांब, रु आणि ति झटपट, ला परत लांब. लिहिताना ती दीर्घ असली तरी इथं ऱ्हस्वच म्हणायची. मा-रु-ति-ला, मा-रु-ति-ला, असं तोंडानं खंड न पाडता चाललं पाहिजे. ते चालल्याशिवाय हात उचलायचे नाहीत. मग मांडीवर मा दोन्ही हातांनी, रु उजवा, ति डावा, ला उजवा. तबल्यावर लगेच बसू नये. तिथं बोल आणि बोटांची जागा यांचा आणखी एक भार पडतो.

हे नुसतं पाठांतराचं कौतुक वाटू नये म्हणून एक प्रयोग सांगतो. म्युनिचच्या माक्स प्लांक संस्थेत फ्रान्झ मेक्सनर आणि सहकाऱ्यांनी लोकांना टेबलाखाली दोन हँडल फिरवायला दिली. हात दिसत नव्हते. वर दिसत होते दोन झेंडे. गियर असे बसवले होते की झेंडे एकसारखे फिरायला हवे असतील, तर हातांना चारास तीन या प्रमाणात फिरावं लागे. एरवी चारावर तीन म्हणजे अशक्यच वाटावं असं काम. पण झेंडे एकत्र फिरवायचे एवढंच लक्ष्य डोळ्यांपुढं असल्यावर लोकांना ते जमलं. २००१ साली हे प्रसिद्ध झालं. डोक्यात काम एकच असलं की हातांचा गुंता बराच सुटतो, आणि ‘मारुतिला’ आपल्यासाठी तेच करतं.

तिसरी चूक वेगाची, आणि ती दोन्ही टोकांना होते. जलद सुरू केलं की काय होतं ते बोटांच्या खेळात पाहिलंच. पण मुलं दुसऱ्या टोकालाही जातात. ‘हळू कर’ म्हटलं की इतकी हळू करतात की दोन आघातांमध्ये लय उरतच नाही, नुसती वाट बघणं उरतं. दोन सेकंदांच्या अंतराला कान लय म्हणून धरत नाही. यावर तोडगा असा: मेट्रोनोम आघातांना लावू नका, मात्रांना लावा. मिनिटाला १२० ठेवा. एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, उजवा दर सेकंदाला, डावा दर दीड सेकंदाला, आवर्तन तीन सेकंदांचं. हात निवांत आहेत आणि कान भरलेला आहे. तिथून १० - १० नं वर जा. १८०च्या पुढं प्रत्येक मात्रा मोजणं जड जाईल. तेव्हा मोजणं सोडून नुसता बोल धरा. २४० ला आवर्तन दीड सेकंदात येतं, आणि तिथं टिकला तर बोल बसला.

आता ज्या चुकीकडं सगळ्यात कमी लक्ष जातं ती. चुकतंय हे कळतच नाही. तासगावच्या मुलाला मी आठवडाभरानं वाजवायला सांगितलं तेव्हा तो खूश होता. आवाजांचा क्रम बरोबर होता: दोन्ही, उजवा, डावा, उजवा. पण मा-रु-ति-ला चारही अक्षरं सारख्या अंतरानं पडत होती. दादऱ्याचा केरवा झाला होता! यात डावा हात अगदी सरळ चालतो, म्हणून वाजवणाऱ्याला शंका येत नाही. लंगडतो तो उजवा: एक भाग, मग दोन भाग, मग एक भाग. तीन आघात आहेत, पण सारखे नाहीत, म्हणजे दोनावर तीन नाहीच.

ओळखायचं कसं? उजवा हात स्टीलच्या ताटावर ठेवा, डावा उशीवर. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ताटाचा आवाज टण, टण, टण असा सारख्या अंतरानं आला पाहिजे, जणू डावा हात खोलीत नाहीच. मग हातांच्या जागा न बदलता ताट डाव्याखाली सरकवा आणि त्याचे दोन तपासा. मुलाला त्याचंच रेकॉर्डिंग ऐकवलं, तर दुसऱ्या टणनंतरची जागा त्यानं स्वतःच दाखवली. दुरुस्ती साधी होती: मा लांबवायचा. “मा—रु ति ला—” असं ओढून म्हणायला लावलं आणि तो त्याच बैठकीत सरळ आला.

दुसरा नेहमीचा बिघाड म्हणजे रु आणि ति एकमेकांवर चढणं. उजवा तिसऱ्यावर पडायचा तो थांबून चौथ्यावर डाव्याबरोबर पडतो. ही तीच स्वस्त जोडीकडची ओढ. इथं वेग कमी करणं आणि रु जरा जोरात वाजवणं, एवढंच कामाला येतं. पाय हलत असेल तर तोही बघा. बहुतेकांचा पाय नकळत उजव्याबरोबर ताल देतो आणि डाव्याला फरपटत नेतो. पाय थांबवा, किंवा मुद्दाम डाव्याबरोबर ठेवा.

बोल बसला की त्यालाच चिकटून राहणं हीही चूकच, फक्त उशिराची. मारुतिला म्हणत वाजवणारा त्या चार अक्षरांचा कैदी असतो. उजव्याला सलग तीनच्या लयीत एखादा तुकडा वाजवायचा असेल तर अडतो. म्हणून वाजवता वाजवता डावा हात एका आवर्तनापुरता उचला. उजव्याची चाल तसूभरही हलू नये. पुढच्या समेवर डावा परत आणा. नंतर उजवा उचला. हात उचलल्यावर दुसऱ्याची चाल बदलत असेल, तर अजून बोलच वाजतोय, लयी सुट्या झालेल्या नाहीत.

हात उलटे करणं, म्हणजे तीन डाव्याला आणि दोन उजव्याला देणं, शेवटी ठेवा. उजव्या हाताच्या माणसाला जलद बाजू उजव्याकडं असली की सोपं जातं. उलट केलं की जवळजवळ नव्यानं शिकल्यासारखं होतं, तेव्हा वेग परत १२० वर आणा. चारावर तीन याच पद्धतीनं बसतं, फक्त सहाऐवजी बारा मात्रा मांडाव्या लागतात आणि बोल सहा अक्षरांचा होतो. पाचावर चारला वीस मात्रा लागतात. तिथं मोजत बसण्यात अर्थ नाही. एक हात इतका अंगवळणी पडलेला लागतो की त्याच्याकडं बघायची गरजच राहू नये.