दुसरी ऑर्डर किती दिवसांनी आली?

पंचवटीत माझी वहिनी घरून मनुका विकते, ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. नवं गिऱ्हाईक टिकेल का, याचा अंदाज तिच्या वहीतूनच निघाला: पहिल्या आणि दुसऱ्या ऑर्डरमध्ये किती दिवस गेले, ते मोजून.

आधी वही एक्सेलमध्ये उतरवा. A रकान्यात मोबाइल नंबर, B मध्ये तारीख. नंबर दहा आकडीच ठेवा. एकीकडे +91 राहिलं की एकाच माणसाची दोन गिऱ्हाइकं होतात. तारीख 5.1.25 अशी टिंबं देऊन लिहू नका, एक्सेल तिला बहुधा नुसता मजकूर समजतं. मग आधी नंबरनुसार आणि त्यात तारखेनुसार क्रम लावा. C2 आणि D2 मध्ये ही सूत्रं टाकून खाली ओढा:

```
=COUNTIF($A$2:A2,A2)
=IF(C2=2,B2-B1,"")
```

C मध्ये कितवी ऑर्डर ते दिसेल, D मध्ये अंतर. D मध्ये ० किंवा १ आला तर ती दुसरी ऑर्डर धरू नका. "अगं, अर्धा किलो अजून टाक" असा तो मेसेज असतो. दोन्ही ओळी एक करा आणि सूत्रं वरून पुन्हा खाली ओढा, नाहीतर पुसलेल्या ओळीखाली D मध्ये #REF! दिसेल.

आता खरी मेख. D ची सरासरी काढून खूश होऊ नका, कारण त्यात फक्त परत आलेलेच आहेत. शिवाय जानेवारीतल्या गिऱ्हाइकाला परत यायला जेवढा वेळ मिळाला, तेवढा मार्चमधल्याला मिळालेला नसतो. म्हणून सगळ्यांना सारखी मुदत द्या: दुसऱ्या ऑर्डरसाठी ९० दिवस, आणि ती आल्यावर तिसरीसाठी आणखी ९०. जानेवारी ते मार्चच्या नव्या गिऱ्हाइकांचा हिशोब त्यामुळे सप्टेंबर संपल्यावरच करता येतो. घाई केली की उशिरा आलेले उगाच कच्चे दिसतात.

समजा, त्या तिमाहीत २४० नवे आले आणि ८४ जणांनी मुदतीत दुसरी ऑर्डर दिली. त्यातले ५० जण ३० दिवसांच्या आत आले. त्यांच्यापैकी ३१ जणांनी तिसरीही दिली. उरलेल्या ३४ पैकी तिसरी देणारे १०. म्हणजे लवकर येणाऱ्यांत दहातले सहा, उशिरा येणाऱ्यांत दहातले तीन. ही ३० ची रेघ मनुकांची, कारण अर्धा किलोचं पाकीट घरात साधारण महिनाभर पुरतं. मसाला विकत असाल तर रेघ बरीच पुढे जाईल.

आमची चूक इथेच झाली. विसाव्या दिवशी सगळ्यांना सवलत पाठवली. अंतर कमी झालं, तिसऱ्या ऑर्डरी मात्र तेवढ्याच! जे पाचव्या आठवड्यात येणारच होते, ते फक्त आधी आले. आता वहिनी नंबरचा शेवटचा आकडा सम असेल त्यालाच मेसेज पाठवते, विषमवाल्यांना नाही, आणि दोन्हीकडच्या तिसऱ्या ऑर्डरी मोजते. दिवाळीची भेटपाकिटं तिने वेगळ्या पानावर काढलीत; ती माणसं थेट पुढच्या दिवाळीलाच उगवतात.