भिंग किती उंच धरायचं, दिवा कुठे ठेवायचा

मॅक्युलर डिजनरेशनमध्ये नजरेचा मधला भाग अंधूक होतो. अशा आजोबांना भिंग आणून दिलं तरी बरेचदा ते पेटीत पडून राहतं, कारण ते कसं धरायचं हे कोणी दाखवलेलं नसतं.

समजा, बँकेचं पासबुक वाचायचं आहे आणि भिंगाची ताकद 12 डायॉप्टर आहे. 100 ला 12 ने भागा. साधारण 8 सेंटिमीटर येतात. भिंग कागदावर टेकवून हळूहळू तेवढं उचला. त्याहून वर गेलं की अक्षरं फिसकटतात. आता डोळा भिंगाजवळ न्या, म्हणजे एका वेळी जास्त शब्द दिसतील. हे अंतर नीट राखलं तर दूरचा चष्मा चालतो. हात थरथरत असेल तर कागदावर टेकणारं स्टँडचं भिंग घ्या. त्याला मात्र जवळचा चष्मा लागतो.

छताचा बल्ब पुरत नाही. टेबललॅम्प चांगल्या डोळ्याच्या बाजूने, कागदापासून फूटभरावर ठेवा आणि बल्ब डोळ्यांत चमकू देऊ नका. दिव्याचं अंतर निम्मं केलं की उजेड जवळपास चौपट होतो. लाईट जाते तिथे चार्जिंगचा दिवा हवाच.

दुर्बिणीचा चष्मा टीव्हीसाठी, तोही बसूनच. तो लावून चालू नये. आजूबाजूचं दिसत नाही आणि अंतर चुकतं.

भिंग उन्हात ठेवू नका. घरात कापूस भरलेला असेल तर आग लागू शकते.

दाराची चौकट अचानक वाकडी दिसू लागली, तर भिंग बदलत बसू नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.