प्रकल्प उशिरा दिलात? मॅडमना माफीचं पत्र असं लिहा

समजा, दादरच्या भाजी मंडईतल्या वीस विक्रेत्यांची पाहणी करून पर्यावरणाचा प्रकल्प १८ ऑगस्टला द्यायचा होता. अकरावीतल्या मुलीने तो दिला २२ तारखेला. पाहणी शेवटच्या शनिवारवर ठेवली आणि नेमका त्या दिवशी पाऊस कोसळला. आता पत्र लिहायचं आहे.

आधी खरं कारण ठरवा. पाऊस हे इथे अर्धंच कारण आहे, काम शेवटच्या दिवसावर ढकललं हे खरं. मुंबईत पाऊस आणि लोकल ही कारणं शिक्षक रोजच ऐकतात. लोकल बंद पडली म्हणून तास चुकतो, चार दिवस जात नाहीत, हे त्यांनाही कळतं. आजारपण असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा, म्हणजे आजाराचं वर्णन करत बसावं लागत नाही.

मांडणी नेहमीच्या औपचारिक पत्राची: वर दिनांक, मग ‘प्रति’, विषय आणि मजकूर. विषयात प्रकल्पाचं नाव घाला, कारण मॅडमकडे वह्यांचा ढीग असतो. मजकूर असा:

दिनांक : २२ ऑगस्ट

प्रति,
मा. विषय शिक्षिका, पर्यावरण शिक्षण

विषय : ‘दादर मंडईतील ओला कचरा’ हा प्रकल्प उशिरा दिल्याबद्दल क्षमायाचना

महोदया,

माझा प्रकल्प १८ ऑगस्टला द्यायचा होता, तो मी आज देत आहे. मंडईतली पाहणी मी शेवटच्या शनिवारवर ठेवली. त्या दिवशी पावसामुळे सात विक्रेतेच भेटले. पाहणी आधी सुरू केली असती तर ही वेळ आली नसती. माझ्यामुळे आपलं तपासणीचं काम अडलं, त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. उरलेल्या तेरा विक्रेत्यांची माहिती घेऊन प्रकल्प पूर्ण केला आहे. उशिराबद्दल गुण कमी झाले तर माझी तक्रार नाही. प्रकल्प स्वीकारावा, ही विनंती.

आपली विद्यार्थिनी,
(नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक)

एवढं पुरे. पत्र बिघडतं ते ‘गैरसोय झाली असल्यास क्षमस्व’ या वाक्याने. गैरसोय झालीच आहे, मग ‘असल्यास’ कशाला? दुसरी खोड म्हणजे ‘इतर मुलांनीही उशिरा दिला’. खरं असलं तरी मैत्रिणी गोत्यात येतात आणि आपली चूक काही कमी होत नाही. ‘पुन्हा कधीच असं होणार नाही’ हेही मी लिहिणार नाही, पुढच्याच महिन्यात ते अंगाशी येतं.

प्रकल्प अजून अपुरा असेल तर ‘लवकरच देते’ असं न लिहिता किती झालं, किती राहिलं आणि कोणत्या तारखेला देणार ते लिहा. तारीख आपल्या अंदाजापेक्षा एक-दोन दिवस पुढचीच सांगा, दुसऱ्यांदा मुदत चुकली तर पत्राला अर्थ उरत नाही.

पत्र हाताने, एका पानात लिहा आणि पालकांची सही लागते का ते आधी विचारून घ्या. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकू नका. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये जाऊन प्रकल्पासोबत स्वतः द्या. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मात्र २२ तारीखच घाला. मॅडमच्या यादीत १८ला तुमच्या नावापुढची जागा कोरीच आहे.